एकच सीड, तरीही टेस्टरच्या फोनवर वेगळा मजला: बग जसाच्या तसा पुन्हा कसा उभा करावा?

आठवी_गल्ली · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी आणि माझा एक मित्र राजारामपुरीतील एका खोलीत बसून गेले वर्षभर गोडो ४ वर मोबाइलसाठी गेम तयार करत आहोत. पन्हाळ्यावरची अंधारबाव पाहताना ही कल्पना सुचली. तिथली बाव तीन मजली आहे. आमची नऊ मजली आहे आणि प्रत्येक मजल्यावरच्या खोल्या, दारे, पेट्या आणि पहारेकरी दर खेळाला नव्याने मांडले जातात.

अडचण अशी आहे. खेळ सुरू होताना आम्ही एक सीड निवडतो, `seed(main_seed)` ही ओळ चालवतो आणि तो आकडा पॉजच्या पडद्यावर दाखवतो, जेणेकरून कोणी तक्रार केली तर तोच आकडा टाकून आम्हाला तोच खेळ पाहता यावा. इचलकरंजीच्या आमच्या टेस्टरने कळवले की सीड `73310942` वर सातव्या मजल्यावर जिना उतरताच तो अशा खोलीत पोहोचला की जिला एकही दार नाही. आम्ही तोच बिल्ड घेतला, तोच आकडा टाकला, सहा मजले खेळून खाली गेलो, तर आमचा सातवा मजला पूर्ण वेगळा निघाला. त्याहून विचित्र म्हणजे माझ्याच फोनवर तोच सीड दोनदा खेळलो तेव्हा दोन्ही वेळचे सातवे मजलेही एकमेकांशी जुळले नाहीत. सीड तोच असेल तर संख्या त्याच यायला हव्यात ना? मग आम्ही कुठे चुकत आहोत?

---

तांबडा_पांढरा · सोमवार, रात्री १०.०५

सीड दिल्यावर संख्यांची रांग ठरलेलीच असते, त्यामुळे आपण म्हणता ते तत्त्व बरोबर आहे. माझा अंदाज असा की आपण `seed()` फक्त खेळ सुरू होताना देत आहात. प्रत्येक मजला तयार करण्याच्या आधी `seed(main_seed + level)` अशी ओळ पुन्हा चालवा, म्हणजे प्रश्न सुटेल. मी माझ्या कॉलेजच्या प्रकल्पात हेच केले होते आणि काही अडचण आली नाही.

---

शून्य_एक · सोमवार, रात्री १०.३०

गेम एंजिनमधील रँडम संख्या खऱ्या अर्थाने रँडम नसतात, त्या सूत्रातून येतात, हे मूळ दुखणे आहे. गोडोमध्ये `Crypto` नावाचा वर्ग आहे, त्यातील `generate_random_bytes()` वापरावे. त्यातून येणाऱ्या संख्यांचा अंदाज कोणालाही बांधता येत नाही आणि प्रत्येक खेळ खात्रीने वेगळा होतो.

---

आठवी_गल्ली · सोमवार, रात्री १०.४५

@शून्य_एक, माझे लिहिणे बहुधा स्पष्ट नव्हते. आम्हाला नेमके उलट हवे आहे. खेळ वेगळा होतोच आहे. तो सांगितल्यावर पुन्हा तसाच व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. संख्या सूत्रातून येतात हे आमच्या दृष्टीने दुखणे नसून सोय आहे.

@तांबडा_पांढरा, उद्या करून पाहतो.

---

पंचगंगा_काठ · मंगळवार, सकाळी ७.१५

करून पाहण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर मिळाले तर बरे होईल. तोच सीड टाकल्यावर पहिला मजला जुळतो का? आपण थेट सातव्या मजल्याबद्दल लिहिले आहे. कितव्या मजल्यापासून फरक पडू लागतो, ते मला हवे आहे. टेस्टरलाही हाच प्रश्न विचारावा आणि त्यांच्या फोनचा पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तेही विचारावे.

---

इचलकरंजी_टेस्ट · मंगळवार, दुपारी १.२०

तो टेस्टर मीच. मला प्रोग्रामिंग येत नाही, पण पाहिलेले सांगतो. दादांनी दिलेल्या आकड्यावर पहिला मजला दर वेळी सारखाच येतो. डाव्या हाताची पेटी आणि तिच्यामागचा पहारेकरी मला आता पाठ झाले आहेत. दुसऱ्या मजल्यापासून बदलते. आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी पहिला मजला धावत संपवला तर दुसरा वेगळा येतो आणि रेंगाळत संपवला तर वेगळा येतो. माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ असे लिहिले आहे.

---

पंचगंगा_काठ · मंगळवार, सायंकाळी ६.५०

या टेस्टरना सांभाळून ठेवा. त्यांच्या "रेंगाळत" या एका शब्दाने निम्मे काम केले आहे.

पहिला मजला सीड दिल्याबरोबर लगेच तयार होतो, म्हणून तो जुळतो. त्यानंतर दुसरा मजला तयार होईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात कोणीतरी त्याच रांगेतून संख्या उचलत आहे, आणि किती उचलल्या हे वेळेवर अवलंबून आहे. `seed()` आणि `randf()` ही जोडी सगळ्या गेमला मिळून एकच रांग देते. रेशनच्या दुकानातल्या टोकनांसारखे समजा: टोकनांचा क्रम ठरलेला आहे, पण आपल्या आधी किती जण येऊन गेले हे ठरलेले नसेल, तर आपल्याला कितवे टोकन मिळेल हे सांगता येत नाही.

माझा संशय एखाद्या शोभेच्या गोष्टीवर आहे: मशालीची थरथर, धुळीचे कण, कॅमेऱ्याचा हादरा. `_process()` मध्ये दर फ्रेमला `randf()` मागणारी कोणतीही ओळ शोधा. शोधण्याची खात्रीची पद्धत अशी की, `randf()` थेट न मागता स्वतःच्या एका छोट्या फंक्शनमधून मागावे, त्यात मोजणी ठेवावी आणि प्रत्येक मजला सुरू होताना ती मोजणी लॉगमध्ये छापावी. दोन खेळांचे लॉग शेजारी ठेवले की पहिला वेगळा आकडा जिथे दिसेल तिथेच चोर आहे.

@तांबडा_पांढरा यांचा उपाय लक्षण दाबेल, कारण प्रत्येक मजला स्वतःच्या सीडने सुरू होईल. परंतु त्यात दोन खोट आहेत. सीड ५०० चा तिसरा मजला आणि सीड ५०१ चा दुसरा मजला हे दोन्ही ५०३ वर येतात, म्हणजे तोच मजला दोन वेगळ्या खेळांत दिसेल. दुसरे म्हणजे, मजल्याची एखादी खोली खेळाडू जवळ गेल्यावरच तयार होत असेल, तर मशालींचा घोळ मजल्याच्या आतही चालू राहील.

---

आठवी_गल्ली · मंगळवार, रात्री ११.३०

मशालीच निघाल्या.

पहिल्या मजल्यावर तीन मशाली आहेत आणि प्रत्येक मशाल दर फ्रेमला ज्योतीची उंची ठरवण्यासाठी एक `randf()` मागते. हे मी स्वतः गेल्या दिवाळीत लिहिले होते आणि पूर्ण विसरलो होतो. मोजणी बसवली. पहिला मजला मांडायला १८७ संख्या लागतात, त्या दोन्ही फोनवर १८७ च आहेत. त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवून साधारण दहा सेकंद एका जागी उभे राहून जिना उतरला. माझ्या ६० हर्ट्झच्या फोनवर दुसऱ्या मजल्याच्या तोंडाशी मोजणी दोन हजारांच्या जरा खाली होती आणि टेस्टरच्या फोनवर पावणेचार हजारांच्या आसपास होती. हिशेब जुळतो: तीन मशाली, दहा सेकंद, ६० फ्रेम म्हणजे १,८०० आणि १२० फ्रेम म्हणजे ३,६००, त्यात सुरुवातीच्या १८७.

खोल्यांबद्दलचा आपला अंदाजही खरा आहे. फोनवर भार पडू नये म्हणून आम्ही खोलीचे आतले सामान खेळाडू दारात आल्यावर मांडतो. म्हणजे खेळाडू कोणत्या दाराने आधी गेला, यावरही पुढच्या खोल्या बदलत होत्या.

---

गोकुळशिरगावकर · बुधवार, सकाळी ९.१०

माझा गेमशी काही संबंध नाही, मी फाउंड्रीत गुणवत्ता विभागात काम करते. परंतु हे वाचून स्वतःचा एक जुना प्रसंग आठवला, म्हणून लिहिते.

ओतकामाच्या तुकड्यातून किती नमुने तपासावेत हे ठरवण्यासाठी मी पायथनमध्ये एक सिम्युलेशन लिहिले होते. गणित लांबत होते, म्हणून लिनक्सवर आठ प्रोसेसमध्ये वाटून दिले. सुरुवातीला `np.random.seed(42)` दिले होते. आठही प्रोसेसची उत्तरे शेवटच्या दशांशापर्यंत सारखी आली आणि मला आधी आनंद झाला की निकाल किती स्थिर आहे. प्रत्यक्षात `fork` होताना मूळ प्रोसेसच्या रांगेची तीच स्थिती आठही पोरांना मिळाली होती, म्हणजे मी एकच प्रयोग आठ वेळा केला होता.

आता मी एका मुख्य आकड्यापासून स्वतंत्र रांगा काढते:

```python
seqs = np.random.SeedSequence(42).spawn(8)
rngs = [np.random.default_rng(s) for s in seqs]
```

आपल्याकडे सगळे एकाच रांगेतून घेत होते आणि माझ्याकडे सगळ्यांना तीच रांग मिळत होती. आजार उलटा आहे, पण औषध एकच असावे असे वाटते. चुकत असेन तर सांगावे.

---

पंचगंगा_काठ · बुधवार, दुपारी २.००

ताई, अजिबात चुकत नाही आपले. गोडोमध्ये `spawn` सारखी तयार सोय नाही, एवढाच फरक आहे. तिथे प्रत्येक कामासाठी `RandomNumberGenerator` ची वेगळी वस्तू करावी लागते आणि तिचे सीड आपल्याला ठरवावे लागते. प्रश्न उरतो तो हे सीड कसे ठरवावे याचा.

बेरजेचा मोह टाळावा. `main_seed + x + y` असे केले तर जाळीतील (२, ३) आणि (३, २) या दोन खोल्या हुबेहूब सारख्या होतील आणि त्या कर्णावरच्या बाकीच्या खोल्यासुद्धा. शिवाय गोडोच्या दस्तऐवजातच इशारा आहे की जवळजवळचे सीड दिल्यास रांगा एकमेकींसारख्या निघू शकतात, म्हणून बाहेरून येणारा आकडा आधी हॅशमधून घुसळून घ्यावा. माझी पद्धत अशी आहे: खोलीची पूर्ण ओळख एका मजकुरात लिहावी आणि त्याच्या एसएचए-२५६ मधले पहिले आठ बाइट सीड म्हणून घ्यावेत.

```gdscript
func make_rng(main_seed: int, level: int, cell: Vector2i, use: String) -> RandomNumberGenerator:
	var key := "%d|%d|%d|%d|%s" % [main_seed, level, cell.x, cell.y, use]
	var rng := RandomNumberGenerator.new()
	rng.seed = key.sha256_buffer().decode_s64(0)
	return rng
```

`use` मध्ये `"doors"`, `"chests"`, `"guards"` असे कामाचे नाव जाते. यामुळे खोली कोणत्याही क्रमाने उघडली तरी तिचे सामान तेच राहते, आणि उद्या पेट्यांसाठी एखादी संख्या जास्त मागितली तरी दारे जागची हलत नाहीत. मजकुरातील उभ्या रेघा विसरू नयेत. त्या नसतील तर मजला १, खोली २३ आणि मजला १२, खोली ३ यांचा मजकूर एकच होईल. एसएचए हे या कामासाठी जरा जड हत्यार आहे, पण खोलीमागे काही वेळाच चालते आणि एंजिनची आवृत्ती बदलली तरी त्याचे उत्तर बदलत नाही.

मशालींना मात्र खुशाल सार्वजनिक `randf()` वापरू द्यावे. ज्योत कशी हलली यावर कोणी तक्रार करणार नाही.

---

आठवी_गल्ली · गुरुवार, रात्री १२.१०

आपण सांगितल्याप्रमाणे सगळे बदलले, जुनी `seed(main_seed)` ओळ काढून टाकली आणि आता परिस्थिती आधीपेक्षा वाईट आहे. पूर्वी निदान पहिला मजला जुळत होता. आता तोही जुळत नाही. मोजणी मात्र तंतोतंत सारखी आहे: दोन्ही खेळांत पहिल्या मजल्यासाठी १७१. आधी १८७ होती, म्हणजे १६ कुठेतरी गेल्या. खोल्यांचे आकार जुळतात, दारे जुळतात, फक्त पेट्या भलत्याच खोल्यांत जातात. रात्रीचे बारा वाजले आहेत आणि मित्र घरी निघून गेला आहे.

---

तांबडा_पांढरा · गुरुवार, सकाळी ८.३०

म्हणूनच मी सुरुवातीला सोपा उपाय सुचवला होता. पेट्यांचा कोड पुन्हा तपासा. कदाचित `main_seed` शून्य जात असेल.

---

पंचगंगा_काठ · गुरुवार, सकाळी ८.५५

`main_seed` शून्य गेला असता तर निदान दर वेळी एकच चुकीचा मजला आला असता. दर वेळी वेगळे येत असेल तर कोणीतरी आपल्या मोजणीला चुकवून दुसरीकडून संख्या घेत आहे. आकार जुळतात आणि फक्त पेट्यांचा क्रम बदलतो, म्हणून विचारतो: पेट्या कोणत्या खोल्यांत ठेवायच्या हे ठरवताना `shuffle()` किंवा `pick_random()` वापरले आहे का?

या दोन्ही गोष्टी अॅरेच्या आहेत आणि दोन्ही सार्वजनिक रांगेतून संख्या घेतात. आपली वस्तू त्यांना देता येत नाही. गोडो ४ मध्ये गेम सुरू होताना ती सार्वजनिक रांग आपोआप नव्या सीडने सुरू होते. आपली जुनी `seed()` ओळ इतके दिवस तिच्यावर झाकण ठेवून होती. ओळ काढली आणि झाकण उडाले. त्या १६ संख्यांचा हिशेबही मांडून पाहावा.

क्रम बदलण्याचे काम स्वतः लिहावे, पाच ओळींचेच आहे:

```gdscript
func shuffle_with(rng: RandomNumberGenerator, a: Array) -> void:
	for i in range(a.size() - 1, 0, -1):
		var j := rng.randi_range(0, i)
		var t = a[i]
		a[i] = a[j]
		a[j] = t
```

---

आठवी_गल्ली · गुरुवार, रात्री ९.२०

`shuffle()` होतेच, एकाच ठिकाणी. ते बदलल्यावर पहिले चार मजले दोन्ही फोनवर, धावत खेळले काय किंवा रेंगाळत खेळले काय, हुबेहूब सारखे आले. (१६ चा हिशेब वेगळाच निघाला. पहिल्या मजल्याच्या स्वागताच्या पाट्यांवरची वाक्ये त्या संख्यांनी निवडली जात होती आणि ती मी शोभेच्या खात्यात टाकली होती. `shuffle()` च्या संख्या मोजणीत आधीही नव्हत्या.)

आता एक गोष्ट उरली आहे. खेळ मध्येच सेव्ह करून दुसऱ्या दिवशी पुढे चालू केला, तर मजले बरोबर येतात, पण लढाईतील फासे बदलतात. पहारेकऱ्याचा वार लागला की हुकला हे ठरवणारी एक वेगळी रांग आहे. ती खेळभर चालत राहते, म्हणून तिचे `state` आम्ही जेसन फाइलमध्ये लिहितो आणि परत वाचतो. लिहिलेला आणि वाचलेला आकडा छापून पाहिला तर शेवटचे काही अंक वेगळे दिसतात. फोनची मेमरी तर खराब नसेल?

---

गोकुळशिरगावकर · गुरुवार, रात्री ९.५०

मेमरी नाही, जेसन आहे! आमच्या मोजमाप यंत्रांच्या लांबलचक अनुक्रमांकांना हेच झाले होते. वाचणारा प्रोग्राम जेसनमधली संख्या दशांश-संख्या म्हणून साठवत असेल, तर २ चा ५३ वा घात ओलांडल्यावर प्रत्येक पूर्णांक त्यात मावत नाही. `9007199254740993` लिहा आणि वाचा, शेवटी `2` येईल. आम्ही अनुक्रमांक अवतरणचिन्हांत, मजकूर म्हणून लिहू लागलो.

---

पंचगंगा_काठ · गुरुवार, रात्री १०.१५

ताईंनी नेमके सांगितले. गोडो जेसनमधील सगळ्या संख्या `float` म्हणूनच वाचते आणि `state` ६४ बिटांचे असते. `str(rng.state)` लिहावे, वाचताना `.to_int()` करावे. आपला मुख्य सीड आठ अंकी आहे, म्हणून तो कधी बिघडला नाही आणि शंका आली नाही. `state` मध्ये मनाने कोणताही आकडा मात्र कधी टाकू नये. तिथे तिथूनच वाचलेली किंमत परत जावी.

आता बग रिपोर्टचे. नुसता सीड पुरेसा नाही. गोडो आज आतून पीसीजी३२ ही पद्धत वापरते, पण तिच्यावर विसंबू नये असे तेच लिहितात. शिवाय आपण स्वतः मांडणीचा कोड बदलला की जुना सीड नवा मजला देतो. म्हणून पॉजच्या पडद्यावर सीडसोबत बिल्ड क्रमांक आणि मजल्याचा ठसा दाखवावा. ठसा म्हणजे मजल्याची सगळी मांडणी ठरलेल्या क्रमाने मजकुरात लिहून त्याच्या हॅशची पहिली आठ अक्षरे. टेस्टरचा ठसा आणि आपला ठसा जुळला, तर मजला तोच आहे हे खेळून न पाहता कळते आणि मग बग मजल्यात आहे की खेळात, एवढाच प्रश्न राहतो.

---

इचलकरंजी_टेस्ट · शुक्रवार, सकाळी १०.००

ठशाची आठ अक्षरे फोटो काढून पाठवली तर चालतील का? हाताने लिहिताना माझ्याकडून शून्य आणि ओ यांची गल्लत होते.

---

आठवी_गल्ली · शुक्रवार, सकाळी १०.२०

चालतील. हॅश फक्त ० ते ९ आणि a ते f यांतच येतो, त्यामुळे ओ असणारच नाही.

मला आता निराळीच चिंता लागली आहे. मांडणीचा सगळा कोड बदलला, म्हणजे `73310942` चा नवा सातवा मजला वेगळा आहे आणि त्यात बिनदाराची खोली नाही. मूळ बग तसाच आहे, पण तो दाखवणारा सीड आमच्या हातून गेला. जुना बिल्ड आहे, पण त्यात तो मजला यायला टेस्टरने त्या दिवशी नेमके किती सेकंद घालवले ते माहीत हवे.

---

पंचगंगा_काठ · शुक्रवार, दुपारी १२.४०

ती तक्रार जुन्या बिल्डवर पुन्हा उभी करण्याचा नाद सोडावा. आता मजला हा फक्त सीड आणि मजला क्रमांक यांवर ठरतो, म्हणजे कोणी खेळण्याचीही गरज नाही. संगणकावर `godot --headless --script res://check.gd` चालवावे. `check.gd` मध्ये १ ते १०,००० सीड आणि प्रत्येकाचे नऊ मजले मांडावेत, जिन्यापासून सुरुवात करून दारांवाटे सगळ्या खोल्या गाठता येतात का ते पाहावे आणि जिथे गाठता येत नाहीत तो सीड छापावा. बग खरा असेल तर तो स्वतःहून सापडेल.

---

आठवी_गल्ली · शनिवार, सायंकाळी ५.३०

सापडला. ९०,००० मजल्यांपैकी २३ मजल्यांवर बंद खोली निघाली. तेवीसही खोल्या जाळीच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या स्तंभात होत्या आणि तेवीसही वेळा त्यांचा एकुलता शेजारी डावीकडे होता. मग कोड पाहायला पाच मिनिटे लागली. डावीकडे शेजारी आहे का हे तपासताना आम्ही `cell.x - 1 > 0` लिहिले होते, म्हणजे शून्याव्या स्तंभातला शेजारी आम्हाला दिसतच नव्हता. तिथे `>=` हवे होते. बहुतेक खोल्यांना दुसऱ्या बाजूला दार मिळत असल्यामुळे वर्षभर हे कोणाच्या लक्षात आले नाही. वरच्या बाजूची तीच तपासणी मित्राने लिहिली होती आणि ती बरोबर आहे, हे तो आता वारंवार ऐकवत आहे.

ते तेवीस सीड वेगळ्या फाइलमध्ये ठेवले आहेत आणि प्रत्येक नव्या बिल्डवर आधी तेच तपासले जातील. दुरुस्तीनंतर त्या मजल्यांचे ठसे बदलले, पण मजला उलगडून पाहिला तर बदल फक्त दारांमध्ये आहे. पेट्या आणि पहारेकरी जागच्या जागी आहेत. `use` वेगळे ठेवण्याचा अर्थ तेव्हा नीट उमगला.

---

इचलकरंजी_टेस्ट · रविवार, सकाळी ११.१५

नवा बिल्ड घेतला. ठसा दोघांचा जुळतो, फोटो पाठवला आहे. पण पाचव्या मजल्यावर पहारेकरी भिंतीत अडकून तिथेच थरथरत राहतो. दादांच्या फोनवर तोच मजला, तीच खोली, पण तो अडकत नाही. मी चार वेळा खेळलो, त्यातून दोनदा अडकला.

---

तांबडा_पांढरा · रविवार, दुपारी १२.००

या वेळी मजला जुळतो आहे, म्हणजे खेळाडूने केव्हा काय दाबले ते नोंदवावे लागेल. मजला सुरू होतानाचे लढाईच्या रांगेचे `state` आणि प्रत्येक बटण कितव्या टिकला दाबले, एवढे फाइलमध्ये लिहिले की आपल्या संगणकावर तोच खेळ आपोआप पुन्हा खेळता येईल. गोडोत `_physics_process()` सेकंदाला ६० वेळा चालते, पडदा १२० चा असला तरी. यात रँडमचा काही दोष नाही.

---

पंचगंगा_काठ · रविवार, दुपारी ३.३०

नोंदवण्याची पद्धत बरोबर आहे आणि ती बसवावीच. मात्र बटणे त्याच `_physics_process()` मध्ये वाचली पाहिजेत. `_process()` मध्ये वाचली तर एकच दाबणे दोन फोनवर वेगळ्या टिकला पडेल. दर ६० टिकांनी सगळ्या पहारेकऱ्यांच्या जागांचाही ठसा घेऊन फाइलमध्ये लिहावा, म्हणजे पुन्हा खेळताना कोणत्या सेकंदाला वाट फुटली ते समजेल.

परंतु संगणकावर तोच खेळ उमटेलच, हे मी मानत नाही. पहारेकरी एंजिनच्या भौतिकीवर ढकलले जात असतील तर त्यांच्या जागा दशांश-संख्या आहेत, आणि फोनचा प्रोसेसर व संगणकाचा प्रोसेसर यांवर त्या शेवटच्या बिटपर्यंत सारख्या राहतील अशी हमी नाही. भिंतीला चिकटून असलेल्या पहारेकऱ्याला तेवढाही फरक पुरतो. ती नोंद त्याच टेस्टरच्या फोनवर त्याच बिल्डमध्ये पुन्हा चालवून आधी पाहावी.

---

तांबडा_पांढरा · रविवार, दुपारी ४.१०

मग पहारेकऱ्यांना भौतिकीतून बाहेर काढून चौकटीचौकटीने, पूर्णांकांत का चालवू नये? दशांशाचा प्रश्नच मिटेल.

---

आठवी_गल्ली · रविवार, रात्री ८.४५

पहारेकरी तसे चालवता येतील, पण खेळाडू मोकळा फिरतो, कठड्यावरून उडी मारतो आणि पहारेकऱ्याला धक्का देतो. दोघांचा संबंध आला की पुन्हा दशांश आलेच. सगळा खेळ चौकटीवर आणायचा म्हणजे वर्षभराची चाल पुन्हा बसवावी लागेल, आणि मित्र याला तयार नाही.

तूर्त बटणांची नोंद आणि साठ टिकांचा ठसा बसवत आहे. बुधवारी इचलकरंजीला जाऊन त्यांच्याच फोनवर ती नोंद पुन्हा चालवून पाहीन. तिथे पहारेकरी चारही वेळा सारखाच अडकला तर फाइल इथे टाकतो; नाही अडकला, तर अजून एखादी मशाल कुठेतरी शिल्लक आहे असे समजून मोजणी पुन्हा सुरू करतो.